डॉगफाइट: बायप्लेनपासून मिसाईलवाल्या जेटपर्यंत काय काय बदललं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डॉगफाइट म्हणजे नेमकं काय, नुसती एकमेकांभोवती घिरट्या घालणं का?

डॉगफाइट म्हणजे फायटर, म्हणजे लढाऊ विमानांची हवेतली जवळची झुंज. घिरट्या दिसतात खऱ्या, पण त्या कशासाठी ते आधी समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. फायटरचं शस्त्र एका ठरावीक दिशेनं आणि ठरावीक अंतरातच चालतं, म्हणजे समोरच्या विमानाभोवती हवेत एक अदृश्य जागा असते जिथून तुम्ही त्याला मारू शकता. मशीनगनच्या काळात ही जागा म्हणजे त्याच्या शेपटीमागचा एक छोटासा कोन, लांबी शंभर-दोनशे मीटर, बस. त्या कोनात आपण शिरायचं आणि आपल्या मागच्या कोनात त्याला शिरू द्यायचं नाही, सगळी मारामारी एवढ्यासाठीच. शंभर वर्षांत डावपेच बदलले ते मुख्यतः हा कोन मोठा मोठा होत गेला म्हणून, हे माझं मत आहे आणि खालची बहुतेक उत्तरं त्याच धाग्यावर आहेत.

पहिल्या महायुद्धात हे डावपेच कुणी ठरवले?

बरेच जण जिवावर उदार होऊन शिकत होते, पण कागदावर नीट उतरवले ते ओसवाल्ड बोल्के या जर्मन पायलटनं, १९१६ मध्ये. आठ नियम. सूर्य पाठीशी ठेवा, शक्यतो मागून हल्ला करा, अगदी जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका, कुणी वरून तुमच्यावर झेपावला तर पळू नका, त्याच्याकडे वळा, आणि ग्रुपनं लढताना एकाच शत्रूच्या मागे दोघांनी लागू नका. बोल्के स्वतः गेला तो हा शेवटचा नियम मोडला गेल्यामुळेच. २८ ऑक्टोबर १९१६ ला तो आणि त्याच्याच तुकडीतला ब्योमे एकाच ब्रिटिश विमानामागे लागले, ब्योमेच्या विमानाचा त्याच्या पंखाला धक्का लागला आणि बोल्के खाली कोसळला. ४० विमानं पाडलेला माणूस होता तो.

एकावर एक दोन पंखांची बायप्लेन एवढी कमी स्पीडची, मग ती जेटपेक्षा जास्त चपळ कशी?

कमी स्पीडची होती *म्हणूनच*. वळणाचा घेर स्पीडच्या वर्गावर जातो, म्हणजे तेवढाच जी ठेवून स्पीड दुप्पट केला की घेर चौपट. जी म्हणजे वळताना शरीराचं वजन किती पट होतं तो आकडा. एक हिशोब करून बघू. ताशी १६० किमीनं उडणारं बायप्लेन २ जीचं वळण घेतंय असं धरा, त्याची त्रिज्या येते साधारण ११५ मीटर आणि पूर्ण चक्कर होते १६ सेकंदात. आता ताशी ९०० किमीनं जाणारं जेट ६ जीचं वळण घेतंय, आत पायलटचं ८० किलोचं शरीर ४८० किलोचं झालंय, तरी त्रिज्या एक किलोमीटरच्या वर आणि चक्कर पूर्ण व्हायला २७ सेकंद. म्हणजे जेटची डॉगफाइट कित्येक किलोमीटर आकाशात पसरते आणि समोरचा बऱ्याचदा एक ठिपका असतो. नजर हटली की तो गेलाच.

सॉपविथ कॅमल या ब्रिटिश बायप्लेनची तर अजून एक गंमत होती, तिचं रोटरी इंजिन पूर्णच्या पूर्ण गरगर फिरायचं, इंजिन, बंदुका, पायलट, पेट्रोल सगळं वजन पुढे एकत्र, त्यामुळे उजवीकडे ती झटकन वळायची आणि नाक खाली जायचं. शत्रूला चकवायला मस्त, पण शिकाऊ पोरं जमिनीजवळ उजवीकडे वळायची आणि स्पिनमध्ये जाऊन मरायची. अशी बरीच मेली.

मग जास्त वळणारा जिंकायचा, एवढंच ना?

नाही! आणि हे १९१६ मध्येच सिद्ध झालं होतं. २३ नोव्हेंबर १९१६ ची लढाई घ्या, ब्रिटनचा लॅनो हॉकर (व्हिक्टोरिया क्रॉसवाला) डीएच-२ मध्ये आणि समोर जर्मनीचा मॅनफ्रेड फॉन रिश्टहोफेन, ज्याचं तेव्हा फार नाव झालेलं नव्हतं, अल्बाट्रॉसमध्ये. डीएच-२ जास्त आवळून वळायचं. अल्बाट्रॉसचं इंजिन दणकट, ते चढायला भारी. साधारण ३००० मीटरवर दोघं एकमेकांभोवती फिरायला लागले, डावीकडे वीस चकरा, उजवीकडे तीस, कुणालाच कुणाची शेपटी मिळेना.

पण घट्ट वळण फुकट मिळत नाही. पंखाला जास्त लिफ्ट, म्हणजे उचलणारा जोर, काढायला लावली की ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध वाढतो, इंजिनला तो भरून काढता आला नाही तर स्पीड जातो, आणि स्पीड टिकवायचा तर उंची विकावी लागते. हॉकर प्रत्येक चकरेला थोडा खाली येत होता आणि वारा दोघांना जर्मन बाजूला ढकलत होता. शेवटी जमीन जवळ आली, विकायला उंची उरलीच नाही, पेट्रोलही संपत चाललेलं. तो झिगझॅग करत आपल्या हद्दीकडे पळाला आणि सरळ पळणाऱ्याला गाठायला अल्बाट्रॉसचा स्पीड पुरेसा होता. डोक्यात गोळी लागून हॉकर गेला, तो रिश्टहोफेनचा अकरावा बळी.

ही लढाई मी इतकी सविस्तर सांगतोय कारण पुढे ज्याला ‘एनर्जी’ म्हणायला लागले ती हीच. स्पीड आणि उंची मिळून तुमच्याकडे एक शिल्लक असते, वळणं घेऊन ती खर्च होते आणि इंजिन ती हळूहळू परत भरतं. हॉकर प्रत्येक वळण जिंकत होता आणि त्याचं खातं रिकामं होत होतं.

त्या युद्धात आपलं कुणी होतं का?

हो, इंद्रलाल रॉय, कोलकात्यात जन्मलेले. वय १९. ४० नंबर स्क्वॉड्रनमध्ये एसई-५ए उडवायचे आणि जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत १० विजय मिळवले, २२ जुलैला मारले गेले. त्यांचं विमान कॅमलसारखं गरगर वळणारं नव्हतं, ते वेगवान आणि मजबूत, वरून सूर मारायचा, गोळ्या झाडायच्या, त्याच वेगात परत वर निघायचं अशा पद्धतीला योग्य. म्हणजे १९१८ येईपर्यंत शहाणे लोक वळणावरून सूर मारण्याकडे सरकलेच होते.

इमेलमान टर्न म्हणजे अर्धा लूप आणि रोल, बरोबर?

आज त्याला तेच म्हणतात. पण मॅक्स इमेलमान या जर्मन पायलटच्या नावानं त्या वेळी जे ओळखलं जायचं ते वेगळं: सूर मारून गोळ्या झाडायच्या, वेगात सरळ वर चढायचं, वर स्पीड संपत आला की विमान बाजूला पाडून वळवायचं आणि त्याच शिकारीवर दुसऱ्यांदा झेपावायचं. आजचा अर्धा लूप करायला त्या इंजिनांत दम नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात काय बदललं? झीरोला अमेरिकन लोकांनी कसं हरवलं?

इथे खूप काही झालं, मी एकच गोष्ट घेतो कारण त्यात सगळा बदल दिसतो. जपानी झीरो हलकं विमान, अमेरिकन नेव्हीच्या वाइल्डकॅट फायटरपेक्षा चांगलं चढायचं आणि कितीतरी आवळून वळायचं, म्हणजे हॉकरची युक्ती आणि रिश्टहोफेनचं इंजिन दोन्ही त्याच्याकडेच. एकट्या वाइल्डकॅटनं वळायचा प्रयत्न केला की खेळ खलास.

जॉन थॅच या नेव्हीच्या अधिकाऱ्यानं घरी टेबलावर काडेपेटीच्या काड्या मांडून यावर उपाय काढला. दोन विमानं शेजारी-शेजारी उडवायची, पण चिकटून नाही, मध्ये एका वळणाएवढं अंतर ठेवून. झीरो एकाच्या शेपटीला लागला की दोघांनी एकमेकांच्या *दिशेनं* वळायचं. झीरो शिकारीच्या मागे वळत राहिला तर तो थेट दुसऱ्या वाइल्डकॅटच्या बंदुकांसमोर येतो, आणि टाळायला गेला तर शिकार सुटते. जून १९४२ मध्ये मिडवेला थॅचनं हे खऱ्या लढाईत वापरलं आणि ते चाललं.

यात महत्त्वाचं काय ते बघा, विमान सुधारलेलं नाहीये, शेपटीमागचा धोक्याचा कोन आता *दोस्त* सांभाळतोय. जर्मन लोक हाच जोडीचा विचार आधीच करून बसले होते, स्पेनच्या यादवी युद्धात वेर्नर म्योल्डर्सनं दोन-दोनच्या दोन जोड्या, हाताची चार बोटं पसरल्यासारख्या, असा फॉर्मेशन पक्का केला. ब्रिटिश तेव्हा अजून तीन विमानांच्या घट्ट त्रिकोणात उडत होते, त्यात मागच्या दोघांचा निम्मा वेळ लीडरला धडकू नये यातच जायचा, शत्रू बघणार कधी?

झीरोचा अजून एक वीक पॉइंट असा की स्पीड वाढला की त्याची स्टिक जड व्हायची. म्हणून उंचीवरून खाली झेपावा, मारा, त्याच वेगात निघून जा, वळू नका, हा नियम झाला.

जेट आल्यावर डॉगफाइट बंद पडेल असं म्हणत होते ना?

म्हणत होते, आणि कोरियात सोव्हिएत मिग-१५ आणि अमेरिकन सेबर लगेच एकमेकांभोवती फिरायला लागले. मिग जास्त उंच जायचं, सेबरच्या कॉकपिटमधून चौफेर दिसायचं आणि कंट्रोल हायड्रॉलिक असल्यानं मोठ्या स्पीडला पण ते हलकं हलायचं. बंदुका त्याच, शेपटीमागचा कोनही जवळपास तोच.

हे ‘हॉकरचं खातं’ गणितात बसवलं ते नंतर, १९६० च्या दशकात अमेरिकन पायलट जॉन बॉइड आणि गणिती थॉमस ख्रिस्ती यांनी. इंजिनचा थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, वजा ड्रॅग, गुणिले स्पीड, भागिले वजन:

```
Ps = V × (T − D) / W
```

उत्तर प्लसमध्ये आलं तर तुम्ही तेवढं वळूनही अजून चढू शकता किंवा स्पीड वाढवू शकता. मायनस आलं तर खातं रिकामं होतंय. प्रत्येक स्पीड आणि उंचीला हा आकडा काढून दोन विमानांचे तक्ते एकमेकांवर ठेवले की कुठे लढायचं आणि कुठून पळायचं ते दिसतं. माझ्या मते या सगळ्या विषयातलं सगळ्यात सुंदर काम हेच.

मिसाईल आल्या तरी व्हिएतनाममध्ये अमेरिकन विमानं का पडत होती?

कारण मिसाईलचा कोन कागदावर मोठा होता, हवेत फार छोटा. सुरुवातीची साइडवाइंडर, एआयएम-९बी, घ्या. तिचा डोळा फक्त इंजिनाच्या तापलेल्या पाइपाला ओळखायचा, म्हणजे सोडायची तर मागूनच. सोडणारं विमान साधारण २ जीच्या वर वळत असेल तर नेम राहत नाही. सूर्याकडे किंवा तापलेल्या जमिनीकडे भरकटणार ते वेगळंच. म्हणजे बिनहालचालीच्या बॉम्बरसाठी उत्तम, आणि जो जोरात वळतोय त्याच्यासाठी जवळपास निरुपयोगी. रडारवाली स्पॅरो लांबून मारायला होती, पण नियम असा की आधी डोळ्यांनी ओळख पटवा, कारण आकाशात आपलीच विमानं जास्त. तेवढं जवळ जाईपर्यंत तिचं अंतर संपायचं. साधारण दहा सोडल्या तर एक लागायची. आणि नेव्हीच्या एफ-४ फँटमला तोफच नव्हती.

समोर मिग-१७, जुनं, हळू, पण आवळून वळणारं आणि तीन तोफा असलेलं. तुम्ही त्याच्यासोबत आडवं वळलात की तो सुटला आणि तुम्ही अडकलात. मिग-२१ तर वळायचंच नाही, जमिनीवरचा कंट्रोलर त्याला मागून आणून बसवायचा, एक मिसाईल आणि सुसाट घरी.

मग त्यांनी शिकून काय बदललं? एखादी लढाई सांगा ना.

१९६९ मध्ये कॅलिफोर्नियात मिरामारला नेव्हीनं टॉपगन स्कूल काढलं, तिथे छोट्या चपळ विमानांना मिग बनवून फँटमवाल्यांना रगडलं. धडा असा: आडवं वळू नका, उभं लढा. फँटमची दोन इंजिनं मिगपेक्षा कितीतरी दणकट, म्हणून स्पीड ताशी ८०० किमीच्या आसपास ठेवा, मिग वळला की तुम्ही वर जा. वर चढताना स्पीड कमी होतो, घेर आपोआप लहान होतो, आणि गेलेला स्पीड उंची म्हणून साठलेला असतो, खाली येताना परत मिळतो.

१० मे १९७२ ला रँडी कनिंगहॅम आणि मागच्या सीटवर विली ड्रिस्कॉल, त्या दिवशी दोन मिग आधीच पाडलेली. समोरून एक मिग-१७ आलं, तोफा चालवत. कनिंगहॅमनं बाजूनं जाऊन फँटम सरळ वर उभं केलं, त्याला वाटलं मिग पळेल. मागे बघतो तर मिग शेजारीच, तेही सरळ वर चढतंय! वर फँटमचा जोर जास्त पडला, तो *पुढे* निघाला, म्हणजे मिगच्या नाकासमोर, आणि मिगनं गोळ्या झाडल्या. वळला, परत वर, परत तेच. आपलाच जादा जोर आपल्याला शत्रूच्या पुढे ढकलतोय हे त्याच्या लक्षात आलं, मग पुढच्या वेळी चढताना त्यानं थ्रॉटल मागे घेतलं आणि स्पीड ब्रेक उघडले. या वेळी मिग पुढे निघालं. दोघांचा स्पीड इतका पडलेला की विमान पंखांवर जेमतेम टिकलेलं. मिगवाल्यानं नाक खाली टाकून पळ काढला, तेव्हा तो सरळ चाललेला, मागून गरम पाइप दिसतोय, म्हणजे साइडवाइंडरला हवी असलेली नेमकी परिस्थिती. तिसरा मिग गेला. परतताना त्यांना जमिनीवरच्या मिसाईलनं गाठलं आणि दोघं समुद्रावर पॅराशूटनं उतरले, वाचले.

त्या मिगमध्ये ‘कर्नल टून’ होता असं सगळीकडे वाचाल, पण व्हिएतनामी बाजूला या नावाचा कुणी एस, म्हणजे पाच किंवा जास्त विमानं पाडलेला पायलट, नव्हताच, ते नाव विसरा.

जोडीचं उडणंही बदललं, टॉपगनवाले दोन विमानं लांब-लांब ठेवायचे आणि ज्याला संधी तो हल्ला करायचा, दुसरा त्याची शेपटी राखायचा. थॅचच्या काड्याच त्या.

भारतात हाच अनुभव आला का?

अगदी तोच, आणि बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. ४ सप्टेंबर १९६५ ला आपल्या एअर फोर्सच्या व्होलन यांनी मिग-२१ मधून पाकिस्तानी सेबरवर के-१३ मिसाईल सोडल्या, त्या लागल्या नाहीत, आणि त्या मिगमध्ये तोफ नव्हती, सेबर समोर असून काही करता आलं नाही. (के-१३ म्हणजे सोव्हिएतांनी केलेली साइडवाइंडरचीच नक्कल.) पुढे आपण मिग-२१ एफएलच्या पोटाखाली जीपी-९ हा तोफेचा पॉड लावला. एफएल आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात बनायचं. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी पाकिस्तानचं एफ-१०४ पाडलं ते तोफेनंच. ताशी दोन हजार किमीची दोन विमानं आणि शेवटचा हिशोब बोल्केच्या पद्धतीनं.

मग मिसाईलनं खरोखर डावपेच कधी बदलले?

जेव्हा तिला समोरूनही दिसायला लागलं तेव्हा. साइडवाइंडरच्याच एआयएम-९एल या पुढच्या आवृत्तीचा डोळा थंड केलेला असतो, त्याला पाइपच काय, तापलेल्या वायूचा झोत आणि हवेनं तापलेलं विमानाचं अंगही दिसतं. म्हणजे शेपटीमागचा कोन आता जवळजवळ पूर्ण गोल झाला. १९८२ मध्ये फॉकलंडला ब्रिटिश सी हॅरियरनी ती वापरली आणि हवाई लढतीत एकही हॅरियर गेलं नाही. त्यातही बहुतेक नेम मागूनच साधले गेले, फक्त पायलटला आता अचूक मागे जाऊन बसायची घाई नव्हती. हॅरियर हवेत नोझल वळवून ब्रेक मारायचं आणि शत्रू पुढे जायचा ही गोष्ट लोकप्रिय आहे, पण त्या युद्धात लढताना कुणी तसं केलं नाही.

पुढची उडी सोव्हिएतांची. मिग-२९ चा पायलट हेल्मेटमधून बाजूला बघायचा आणि आर-७३ मिसाईल त्या दिशेला निघायची, नाकापासून ४५ अंश बाजूला असलं तरी. जर्मनी एक झाल्यावर ती मिग-२९ नाटोच्या हातात आली, सरावात एफ-१६ सारखी विमानं जवळच्या लढतीत त्यांच्यापुढे अडचणीत आली आणि पश्चिमेकडचे लोक खडबडून जागे झाले. आता नाक वळवायची गरज नाही, मान वळवली तरी पुरतं. याचा उलटा परिणाम असा की दोघांकडे ही सोय असेल तर समोरासमोर येताच दोघंही मिसाईल सोडतात आणि दोघंही मरतात, म्हणून आता जवळ जायचंच टाळतात.

लांबून मारायचं तर एनर्जी-बिनर्जी कशाला हवी?

कारण तोच हिशोब आता मिसाईलला लागतो! मिसाईलचं रॉकेट काही सेकंदच जळतं, उरलेला प्रवास ती जमवलेल्या स्पीडवर सरकत जाते, प्रत्येक वळणाला हॉकरसारखी गरीब होत. म्हणून उंचावरून आणि वेगात सोडलेली मिसाईल कितीतरी लांब जाते. आणि समोरच्यानं वेळेत पाठ फिरवून पळ काढला तर तीच मिसाईल अर्ध्या वाटेत थकते. पायलटचा खेळ असा: उंच आणि वेगात या, सोडा, मग थोडं तिरकं वळा म्हणजे त्याच्याकडे जाण्याचा वेग कमी होतो पण रडारमध्ये तो राहतो, आणि त्याची मिसाईल तुमच्याकडे येत असेल तर किती वेळ थांबायचं आणि कधी पाठ फिरवायची हे ठरवा. जुनी स्पॅरो लागेपर्यंत रडार धरून ठेवावं लागायचं, एआयएम-१२० शेवटच्या टप्प्यात स्वतःचं रडार चालू करते, त्यामुळे सोडणाऱ्याला आधी वळता येतं.

दुसरी युक्ती म्हणजे रडारला काटकोनात उडणं. डॉपलर रडार जवळ येणारी किंवा लांब जाणारी वस्तू ओळखतं, आडवं उडणारं विमान त्याला खालच्या जमिनीसारखं दिसतं आणि ते गाळून टाकतं. काही सेकंद मिळतात, तेवढे पुरतात कधी कधी.

म्हणजे आता डॉगफाइट संपली?

१८ जून २०१७, सीरिया. अमेरिकन नेव्हीचं एफ/ए-१८ई एका सीरियन सुखोई-२२ च्या मागे, डोळ्यांना दिसेल एवढ्या अंतरावर, कारण आधी रेडिओवर बजावणं आणि जवळून जाऊन इशारा देणं हे सगळं झालेलं. सुखोईनं बॉम्ब टाकले. अमेरिकन पायलटनं एआयएम-९एक्स सोडली, साइडवाइंडरची सगळ्यात नवी पिढी, शत्रू समोर, नेम मागून, सगळं पुस्तकातल्यासारखं. तरी ती लागली नाही. मग त्यानं रडारवाली एआयएम-१२० सोडली, जी मुळात लांबच्या लढतीसाठी बनलेली, आणि ती लागली. सुखोईच्या शेपटीमागून तो हलला नव्हता, म्हणून दुसरी मिसाईल सोडायची संधी त्याच्याकडे उरली होती.